सात घरचे धोंडे

टण्ण.

स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं, की कुणाच्या तरी हातून अलगद ठेवता ठेवता निसटलं, एवढाच तो आवाज. रविवारची दुपार, लाईट गेलेली, पंखा थांबलेला, सगळं गाव उन्हाला पाठ करून झोपलेलं. अशा वेळी झाकणाचा आवाजही भांडल्यासारखा वाटतो.

धनश्री लेकीला थोपटता थोपटता थांबली. मांजर असावं असं तिनं आधी स्वतःला सांगून पाहिलं. पण घट्ट बसवलेल्या डब्याचं झाकण अंगठ्यानं चारी बाजूंनी उचकटून काढणारं मांजर तिनं केज तालुक्यात अजून पाहिलं नव्हतं. ती उठली, पदर खोचला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

ज्वारीच्या कोठीमागं, भिंतीला पाठ टेकून, परमेश्वर मांडी घालून बसला होता. मांडीत डबा. एका हातात अर्धा अनारसा, गालात दुसरा अर्धा. मिशीला खसखस लागलेली. तिच्याकडं बघून त्यानं चावणं थांबवलं, पण गिळायचं राहिलं असल्यानं त्याला काही बोलताही येईना.

परमेश्वरचा हा कडक उपासाचा तिसरा दिवस होता.

तो का होता, ते सांगायचं तर दहाबारा दिवस मागं जावं लागतं. यंदा अधिक मास ऐन उन्हाळ्यात आला. अधिक मास म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि ताम्हणात दिवा लावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. जावई म्हणजे त्या दिवसापुरता नारायणच. धनश्रीचं माहेर दिंद्रुडचं. वडिलांचे सहा चुलतभाऊ तेव्हा गावात होते, सगळी घरं एकाच गल्लीत. नारायण एका घरी जेवला आणि दुसऱ्या घरी नाही, असं झालं असतं तर पुढची दहा वर्षं गल्लीत कुणी कुणाशी धड बोललं नसतं. म्हणून एक घर एक दिवस, असे सात दिवस परमेश्वर जेवला. सकाळी पोहे-चहा, दुपारी धोंडे, तूप, आमरस, कुरडया, भजी. संध्याकाळी उरलेले धोंडे, आणि मधे कुणी ना कुणी ताटलीत काही तरी घेऊन हजर. दुपारी झोप. चालणं म्हणाल तर या दारातून त्या दारात. सातव्या दिवशी तो जीपमध्ये बसला तेव्हा शेजारच्या बाईनं लेकराला मांडीवर घेऊन जागा करून दिली.

परमेश्वर वायरमन होता. पाऊस पडायच्या आधी लाईनीची कामं उरकायची असतात: फांद्या छाटायच्या, फुटलेले इन्सुलेटर बदलायचे, सैल तारा ओढायच्या. त्याच्याबरोबरचे भागवतराव सत्तावन्न वर्षांचे, गुडघे गेलेले. ते खालून सांगायचे आणि परमेश्वर वर चढायचा. दिंद्रुडहून आल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं खांबावर चढायचा पट्टा कमरेला लावला, तर तो नेहमीच्या भोकात काही बसेना. भागवतराव बिडी विझवून शांतपणे म्हणाले, "परमेश्वर, तू नको चढू बे. खांबाला सांग, तो उतरंल खाली तुज्याकडं."

चार माणसं हसली. परमेश्वर हसला नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं देवापुढं हातात पाणी घेऊन संकल्प सोडला होता: सात दिवस खाल्लं, सात दिवस अन्नाला शिवायचं नाही. लिंबूपाणी तेवढं. त्यातही मीठसाखर नाही.

त्याची आई सुभद्राबाई हे ऐकून उभी राहिली ती उभीच राहिली. अधिक मासात उपास म्हणजे दुप्पट पुण्य, आणि तेही मुलानं न सांगता धरलेलं. तिनं मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि सुनेकडं बघून म्हणाली, "तुज्या म्हायेरच्यांनी माजं लेकरू पोत्यावानी भरून धाडलं. आता त्यो आपल्याच तपानं रिकामा व्हतोय."

माहेरच्या पुरणाला नावं ठेवली की धनश्रीचं तोंड आपोआप मिटायचं, आणि मग त्या मिटलेल्या तोंडानं ती भांडी जरा मोठ्यानं घासायची.

"किती झाले?" तिनं आता दारातूनच विचारलं.

परमेश्वरनं गिळलं. "मोजले न्हाईत."

ती आत आली, त्याच्या मांडीतला डबा उचलला आणि उजेडाला धरून मोजले. "तेहतीसातले बावीस राह्यलेत."

"म्हंजे अकरा," परमेश्वर म्हणाला.

"गणित चांगलं हाय तुमचं."

त्यानं हातातला अर्धा तुकडा परत डब्यात ठेवावा की तोंडात टाकावा याचा विचार केला. मग तोंडात टाकला, कारण आता अकरा झालेच होते. "एकच घ्यायचा व्हता," तो म्हणाला. "देवाशप्पत एकच. मग हात थांबंना. डोळ्यापुढं निस्ते अनारसे दिसायलेत काल्पासून. त्या भागवतरावाच्या टोपीतबी मला जाळी दिसती."

"उपाशी माणसाला दिसतंच."

"ते काई न्हाई. मीच लई हावरट." तो कोठीला धरून उठला. उठताना क्षणभर थांबला, डोळे मिटले, भिंतीला हात लावला. मग जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं म्हणाला, "भरून काडतो. उद्यापून लिंबूबी बंद. निस्तं पाणी. अन् सातचे नऊ दिवस."

धनश्रीनं तो भिंतीला लावलेला हात पाहिला होता.

"उद्या नदीकडच्या लाईनीवर चढायचंय ना?"

"चढतोच की रोज."

"रोज जेवून चढता."

"हे बग," परमेश्वर आवाज खाली आणत म्हणाला, कारण पलीकडच्या खोलीत आई झोपली होती, "उपासानं फरक पडायलाय. सकाळी काट्यावर बगितलंस न्हवं? दोन दिसांत दोन किलो गेलं. असंच चाललं तर आठवड्यात जुना पट्टा बसतोय."

काटा म्हणजे अंगणवाडीतला. धनश्री गावच्या अंगणवाडीत सेविका होती. लेकरांची आणि गरोदर बायांची वजनं घ्यायची, वहीत टिंबं मारायची, टिंबं रेघेनं जोडायची, हे तिचं महिन्याचं काम. किल्ली तिच्याकडं असल्यामुळं नवरा गेल्या पंधरा दिवसांत तीनदा त्या काट्यावर उभा राहिला होता. दिंद्रुडला जाण्याआधी बहात्तर किलो. आल्यावर शहात्तर किलो तीनशे. आज सकाळी चौऱ्याहत्तर आणि थोडं.

"बसा," ती म्हणाली.

"कावून?"

"बसा म्हणलं ना."

तो पाटावर बसला. ती समोर बसली, डब्याचं झाकण लावलं आणि डबा आपल्या मागं ठेवला.

"मागच्या पावसाळ्यात वस्तीवरल्या एका पोराला जुलाब झाल्ते," ती म्हणाली. "दोन दिसांत पाऊण किलो उतरलं. मी भिऊन वहीत लाल रेघेखाली टिंब मारलं, नर्सताईंना फोन केला. पाणी पाजलं, खिचडी सुरू केली, चार दिसांत वजन जागच्या जागी. त्या पोराचं मांस गेलं न्हवतं. पाणी गेलं व्हतं, पाणी आलं. तेच तुमचं. गोडाधोडाचं अन् कुरडया-भज्याचं खारट सात दिवस खाल्लं की अंग पाणी धरून ठिवतं. पोटात जे पडून हाय ते येगळंच. रोजचं जेवण धरलं की ते आपसूक निघून जातं. तुमी उपास केला म्हणून घाईनं गेलं, अन् उद्या जेवलात की थोडं परत येईल. मग म्हणाल, बगा, खाल्लं की वाडतं."

"म्हंजे वाडलंच न्हाई म्हण की."

"वाडलंय. पण चार किलो न्हाई. चार किलो चरबी सात दिसांत चडवायची म्हणलं तर रोजचं जेवून वर वीसेक धोंडे खावं लागतील. रोज."

परमेश्वरनं हिशेब केला. "तुज्या नानाकाकांच्या घरी बारा झाल्ते."

"बारा अन् वीस सारखे न्हाईत."

"आमरस धरला का त्यात?"

धनश्रीनं आमरस धरला नव्हता. "असंल किलोभर. दीड म्हणा. ते सात दिसांत आलंय, त्याला महिना लागू द्या जायाला. कोण हाकलतंय त्याला."

"भागवतराव हाकलतोय."

"त्यांना म्हणा, खांबाखाली बिड्या मोजा."

तो जरासा हसला. तिला वाटलं, जमलं. पण परमेश्वर उठला, तोंड धुतलं, मिशीची खसखस पुसली आणि देवघराकडं बघून म्हणाला, "तुजं समदं खरं असंल. पण पाणी सोडलंय हातावर. मायला काय सांगू? ती गावभर सांगून आलीय."

आणि ते खरं होतं. अडचण परमेश्वरच्या पोटात नव्हती. ती गावभर फिरून आली होती.

रविवारची संध्याकाळ त्यानं लिंबाशिवायचं पाणी पिऊन काढली. डोकं धरून बसला, लेकीवर, ईश्वरीवर, दोनदा खेकसला, मग तिला जवळ घेऊन उगीच तिची वेणी सोडली आणि चुकीची घातली. धनश्री बघत राहिली. तिला खांब दिसत होता. नऊ मीटरचा सिमेंटचा खांब, ऊन, पट्टा, आणि भिंतीला लावलेला तो हात. वरती भिंत नसते.

भागवतरावांना फोन करून टाकावा, असं तिच्या मनात दोनदा आलं. दोनदा तिनं फोन हातात घेतला. पण नवऱ्याला न विचारता कामावरच्या लोकांत त्याची लाज काढायची, म्हणजे पट्ट्याच्या भोकावर आणखी एक भोक पाडायचं. तिनं फोन ठेवला. पीठ मळायचं नव्हतं तरी परात काढून ठेवली.

सोमवारी सकाळी सहाला शेजारच्या सारजाबाई दूध द्यायला आल्या. सुभद्राबाई ओट्यावर तुळशीला पाणी घालत होती. सारजाबाईंच्या पायांचा आवाज ऐकताच तिनं पाण्याची धार बारीक केली, म्हणजे बोलायला वेळ मिळावा.

"चौथा दिवस हाय," सुभद्राबाई म्हणाली. "आजपून लिंबूबी सोडलंय त्यानं. मी म्हणलं, बाबा, भगर तरी घे. तर म्हणतो, न्हाई माय. धरलं ते धरलं."

"आजकालच्या पोरांत असं न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. "आमचा बद्री सकाळचा उपास धरतो अन् न्हारीला सोडतो."

परमेश्वर आत बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली तरी तो वाकलेलाच राहिला. ते धनश्रीनं स्वयंपाकघरातून पाहिलं. तव्यावर भाकरी फुगत होती. तिनं ती उतरवली, हात पुसले आणि दारात आली.

"आत्या," ती म्हणाली, "काल दुपारी ह्यांनी अकरा अनारसे खाल्लेत."

ओट्यावर काही हललं नाही. सारजाबाईंच्या हातातल्या चरवीत दूध तेवढं हललं.

"काय खाल्लं?"

"अनारसे. नानाकाकांच्या घरच्या वाणातले. डबा दाखवते."

तिनं खरंच डबा आणला. वाणाचे अनारसे मोजून असतात, त्यामुळं पुरावा पक्का होता. सुभद्राबाईनं तुळशीजवळच बसकण मारली आणि एकेक करून मोजले. बावीस. पुन्हा मोजले. बावीसच. सारजाबाईंना जायला हवं होतं, पण त्या गेल्या नाहीत. असा प्रसंग काही रोज येत नाही.

आतून परमेश्वर म्हणाला, "धना." एवढंच. त्या एका शब्दात काय काय होतं ते धनश्रीला पुढं दोन दिवस भोगायचंच होतं. ती तिथंच उभी राहिली. तिचा चेहरा वजनाची वही भरत असल्यासारखा होता.

"तांदळाचे हायत हे," सुभद्राबाई शेवटी म्हणाली.

"हो."

"तुपात तळलेले."

"हो, आत्या."

"मग उपास कुटं हाय?" सुभद्राबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिनं चेहऱ्यावरची लाज आधी सारजाबाईंना दिसू दिली नाही, आणि मग स्वतःलाही. "कालच मोडला त्यो. मोडल्याल्या उपासाला उपाशी कावून राहायचं? देवाला का वेड्यात काडतो? ए परमेश्वर, बस पाटावर."

"माय, जेवण न्हाई जायचं आता मला."

"अनारसे गेले, भाकर जाती."

सारजाबाई चरवी घेऊन निघाल्या. जाताना म्हणाल्या, "अकरा म्हंजे थोडे न्हवं," आणि त्यात कौतुकही होतं.

परमेश्वर पाटावर बसला. बायकोकडं बघितलं नाही. एक भाकरी, चवळीच्या शेंगांची भाजी, मुगाचं वरण, वाटीभर ताक. आधी दोन घास रागानं गेले. मग राग कमी झाला आणि भूक तेवढी उरली. सुभद्राबाई दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकायला पुढं झाली तेव्हा धनश्रीनं ताटावर हात आडवा धरला.

"आधी खाऊन होऊ द्या. मग विचारा."

सासूनं तिच्या हाताकडं पाहिलं. या घरात ताटावर हात आडवा धरायची ही पहिलीच वेळ होती.

"हवी का?" सुभद्राबाईनं मुलाला विचारलं. असं विचारायचंही तिला जड गेलं, कारण आयुष्यभर तिनं विचारलं नव्हतं, वाढलं होतं.

परमेश्वरनं खरोखरच विचार केला. "अर्धी."

नऊ वाजता त्यांच्या भागातली लाईन बंद झाली. म्हणजे लाईनीवर काम करायचं परमिट घेतलं, आता तो चढणार. उन्हाळ्याच्या सुट्टीमुळं अंगणवाडीत लेकरं नव्हती. धनश्री वह्या भरत बसली होती आणि ईश्वरी रिकाम्या काट्यावर तिच्या बाहुलीला उभं करत होती. पंखा थांबला तसं धनश्रीनं पेन ठेवलं. दहा वाजले. साडेदहा. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. आज पंखा नाही याचं तिला काही वाटत नव्हतं, पंखा कधी फिरतो एवढंच हवं होतं. अकरा. सव्वाअकरा. एक टिंब तिनं चुकीच्या महिन्यात मारलं आणि खोडलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी पंखा कुरकुरला, अंग सैल केल्यासारखा एक वेढा फिरला आणि सुरू झाला. म्हणजे परमेश्वर खाली होता. धनश्री पंख्याखाली उभी राहिली. ईश्वरी म्हणाली, "आई, वारं आलं." "हो," ती म्हणाली. "आलं."

तो घरी आला तेव्हाही तिच्याशी बोलला नाही. पण दुपारच्या डब्यात वरण कमी पडलं असं त्यानं भिंतीला सांगितलं, आणि भिंतीनं दुसऱ्या दिवशी ते वाढवून दिलं. बुधवारी रात्री जेवताना तो थेट तिच्याशीच बोलला. "भागवतराव म्हणतो, अकरा केव्हीच्या लाईनीखाली अकरा अनारसे. समद्या सेक्शन हापिसला कळलं."

"सारजाबाई."

"सारजाबाईच."

आता सुभद्राबाईला नवाच जोर चढला. उपास गेला तर काही तरी तसंच कडक हवं. "म्हैनाभर चटणी-भाकर," तिनं जाहीर केलं. "तूप बंद. भात बंद. गोडाचं नाव न्हाई."

"आत्या, तसं केलं तर महिन्यानं परत कोठीमागं सापडतील," धनश्री म्हणाली. "कमी न्हाई करायचं. निस्तं येळेवर करायचं. सकाळी जेवून कामाला जायचं. डब्यात भाजी जास्ती, डाळ जास्ती, काकडी-कांदा. भाकर हाय तेवढीच. संध्याकाळचं जेवण लौकर, अन् जेवल्यावर जरा पाय मोकळे. गोडाचं अंगणवाडीच्या लेकरांना सांगतो तेच ह्यांना: जेवणासंगं खायचं, जेवणाऐवजी न्हाई."

"मग उरल्यालं एवढं काय करायचं?" सुभद्राबाईनं फडताळाकडं बोट केलं. सात घरचे सात डबे. दोनशेवीस अनारसे, सहा महिने पुरले असते आणि त्यातला शेवटचा दात पाडून गेला असता.

एक डबा घरी राहिला. दुपारच्या डब्यात रोज एक अनारसा जायचा, लपून नाही, भाजीच्या शेजारी. एक डबा सारजाबाईंच्या घरी गेला, कारण गावातल्या बातमीचं तोंड गोड केलेलं बरं. बाकीचे वाटले: भागवतरावांच्या घरी, सेक्शनला, वस्तीवर, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या जिवांना, ज्यांच्या घरी जावई येत नाहीत. सुभद्राबाईनंच ते वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं की लेकाला आता पहिल्यासारखं काही नको असतं.

संध्याकाळी जेवून परमेश्वर ईश्वरीला घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जायचा आणि यायचा. पहिल्या दिवशी त्याला ही शिक्षा वाटली. तिसऱ्या दिवशी ईश्वरी तयार होऊन दारात उभी. देवळापर्यंतच्या वाटेवर किती खांब आहेत ते तिनं मोजले आणि त्यातल्या कोणत्या खांबावर पप्पा चढले होते ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. पोट जड वाटायचं ते चार दिवसांत गेलं. झोप लागायला लागली. वजन शुक्रवारी बघितलं तर चौऱ्याहत्तर पाचशे, उपासाच्या दिवसापेक्षा थोडं जास्तच. परमेश्वरचा चेहरा पडला.

"सांगितलं व्हतं," धनश्री म्हणाली. "आता धा दिवस काट्याकडं बगायचं न्हाई. किल्ली माज्याकडं हाय."

दहाव्या दिवशी त्र्याहत्तर दोनशे होतं. बहात्तर नव्हतं. पट्टा जुन्या भोकात श्वास सोडून बसायचा, श्वास घेतला की जरा आवळायचा. भागवतरावांनी यावर काही बोलायचं सोडलं होतं, कारण त्यांच्या घरी अनारसे संपले होते आणि त्यांच्या बायकोनं आणखी आहेत का म्हणून विचारलं होतं.

आणि तेव्हाच दिंद्रुडहून फोन आला. धनश्रीच्या वडिलांचे आणखी एक चुलतभाऊ, शहादेवकाका, पुण्याला लेकाकडं गेलेले, ते परत आले होते. महिना संपायला तीन दिवस उरले होते. "आमचंच घर राह्यलं," काकू फोनवर म्हणाल्या. "सात घरी जेवले जावाई, आमचं काय पाप?"

धनश्री फोन कानाला धरून उभी राहिली. नाही म्हणावं तर माहेर. हो म्हणावं तर नवरा. परमेश्वरनं तिच्या हातातून फोन घेतला.

"काकू, येतो," तो म्हणाला. "एक जेवण. अन् वाढायला धनश्री."

काकूंना यात काही तरी खोच आहे असं वाटलं, पण काय ते सापडलं नाही.

शहादेवकाकांच्या घरी पंगत बसली. ताम्हण, दिवा, तेहतीस अनारसे, सगळं रीतसर. ताटात धोंडे, तूप, आमरसाची वाटी, भाजी, कोशिंबीर. परमेश्वरनं सावकाश खाल्लं. एक धोंडा झाला, दुसरा झाला. गल्लीतल्या चार बायका दाराशी उभ्या होत्या. हा तोच बारावाला जावई, हे त्यांना माहीत होतं. तिसरा धोंडा त्यानं तुपात बुडवून चवीनं खाल्ला. काकू पातेलं घेऊन पुढं आल्या.

"भरलं माजं," परमेश्वर म्हणाला.

"आवो जावाईबापू, तीनात कुटं भरतं? आमच्या हातचं गोड न्हाई लागलं का?"

"लई गोड लागलं. म्हणूनच भरलं."

काकूंनी धनश्रीकडं पाहिलं. दारातल्या बायकांनी धनश्रीकडं पाहिलं. तिची आईही कोपऱ्यातून बघत होती. आठ घरांची रीत त्या क्षणी त्या ताटावर येऊन बसली होती. धनश्री वाकली आणि तिनं परमेश्वरचं ताट उचललं.

"भरलं म्हणल्यावर भरलं, काकू," ती म्हणाली. "त्येंचं पोट त्येंनाच कळतं."

शहादेवकाका सुपारी कातरत म्हणाले, "तीनच बरे. मलाबी डाक्टरनी तेवडेच सांगितलेत." काकूंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की सुपारी थांबली. पण पातेलं खाली ठेवलं गेलं. परमेश्वर हात धुवायला उठला, आणि उठताना त्याला कोठीला, भिंतीला, कशालाच हात लावावा लागला नाही. धनश्रीनं ते पाहिलं.

मग बायकांची पंगत बसली. धनश्रीनं ईश्वरीला शेजारी घेतलं. ईश्वरीनं अर्धा धोंडा खाल्ला, थोडा भात खाल्ला, आमरसात बोट बुडवून चाटलं आणि ताट पुढं सरकवलं.

"बास मला."

"एवढंसं कुटं बास असतं?" धनश्रीनं भाताचा घास कालवला. "हा एक. आजीच्या नावाचा."

ईश्वरीनं तो खाल्ला.

"हा काकाआजोबांच्या नावाचा. मोठ्ठा आ कर."

ईश्वरीनं तोंड मिटलं. आईच्या हातातल्या घासाकडं पाहिलं, मग मोरीशी तोंड पुसत उभ्या असलेल्या पप्पाकडं पाहिलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"आई, पप्पा भरलं म्हणले तर तू त्येंचं ताट उचललंस. मी भरलं म्हणते तर माजं कावून न्हाई उचलत?"

घास धनश्रीच्या हातात राहिला.